वाऱ्याची सरासरी आणि वीस वर्षांचा हिशेब

सातारा जिल्ह्यातील वंकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारे, धुळ्याचे ब्राह्मणवेल, सांगलीचे ढालगाव या भागांत दिसणाऱ्या पवनचक्क्यांपैकी अनेक चक्क्यांमागे एखादी सूतगिरणी, एखादा मध्यम कारखाना किंवा हाती थोडा पैसा असलेला व्यापारी असतो. एक किंवा दोन यंत्रे, पाच-दहा कोटींची गुंतवणूक आणि तिच्या समर्थनार्थ तयार केलेला प्रकल्प अहवाल, असा हा व्यवहार असतो. अहवालात जमिनीचे कागद, यंत्राची किंमत, कर्जाचे हप्ते आणि देखभालीचा करार यांवर पाने खर्च झालेली असतात. वर्षाला किती युनिट वीज निर्माण होईल, हे मात्र बहुधा एकाच ओळीत, एकाच आकड्यात सांगितलेले असते आणि तोच आकडा पुढच्या वीस वर्षांच्या रकान्यांत जसाच्या तसा उतरवलेला असतो. माझे म्हणणे असे की, छोट्या पवनप्रकल्पाचे भवितव्य इतर कोणत्याही ओळीपेक्षा या एका ओळीवर ठरते. त्या ओळीतला खरा धोका वारा कमीजास्त होण्यात फारसा नाही. गृहीत धरलेली सरासरीच चुकलेली असण्यात तो आहे.

मुद्दा आकड्यांनीच पटेल, म्हणून एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातली प्रमाणे अशा प्रकल्पांत शोभतील अशी आहेत. एक मेगावॅटची एक पवनचक्की, उभारणीचा एकूण खर्च सात कोटी रुपये. वीज मालकाच्या स्वतःच्या कारखान्यात वापरली जाते आणि वहन-शुल्क व वहनातली घट वजा जाता प्रत्येक युनिटमागे पाच रुपये वाचतात. देखभालीचा खर्च पहिल्या वर्षी बारा लाख, पुढे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढणारा. आयुष्य वीस वर्षे, वटावाचा दर दहा टक्के. करांचा विचार तूर्त बाजूला ठेवू. वर्षाचे तास ८,७६०. चक्की सर्व तास पूर्ण क्षमतेने फिरली, तर ८७.६ लाख युनिट होतील. प्रत्यक्षात होणारी निर्मिती म्हणजे या कमाल निर्मितीचा जो हिस्सा, त्याला क्षमता वापर घटक किंवा या धंद्यातल्या बोलीत सीयूएफ म्हणतात. अहवालात तो २५ टक्के धरला आहे असे समजू. म्हणजे वर्षाला २१.९ लाख युनिट आणि १०९.५ लाख रुपयांची बचत. वीस वर्षांच्या या बचतीचे आजचे मूल्य ९३२ लाख होते. देखभालीच्या खर्चाचे आजचे मूल्य १४५ लाख आणि यंत्राचे ७०० लाख वजा केले की निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच एनपीव्ही, सुमारे ८७ लाख उरते. सात कोटींवर दहा टक्के परतावा मिळून वर ८७ लाख. कागदावर प्रकल्प चांगला आहे.

आता फक्त सीयूएफ हलवून पाहू. २३ टक्के धरला तर हे ८७ लाख घटून १२ लाखांवर येतात. २२ टक्क्यांवर प्रकल्प २५ लाखांनी तोट्यात जातो आणि २० टक्क्यांवर तोटा जवळपास एक कोटीचा होतो. सीयूएफचा एक टक्का म्हणजे एनपीव्हीत ३७ लाखांचा फरक. शून्याचा बिंदू २२.७ टक्क्यांच्या आसपास आहे. २५ आणि २२.७ यांतले अंतर वाचताना किरकोळ वाटते. वाऱ्याच्या अंदाजात तेवढी चूक सहज होऊ शकते. या हिशेबाचा स्वभावच असा आहे की, उत्पन्नाच्या मोठ्या रकमेतून खर्चाची जवळजवळ तेवढीच मोठी रक्कम वजा होऊन एक लहान बाकी राहते. त्यामुळे वरच्या रकमेतली दहा टक्क्यांची घट खालची सगळी बाकी खाऊन टाकते. पवनचक्कीला इंधन लागत नाही, म्हणून निर्मिती कमी झाली तरी खर्च कमी होत नाही. कोळशाचे केंद्र कमी चालले तर निदान कोळसा तरी वाचतो. इथे वाचण्यासारखे काहीच नसते.

यावर कोणी म्हणेल की एनपीव्ही सगळ्याच गृहीतकांना संवेदनशील असते, मग निर्मितीलाच वेगळे का काढायचे? संवेदनशीलता सारखी असली तरी अनिश्चितता सारखी नसते, हे त्याचे उत्तर. यंत्राची किंमत करारावर सही करताना ठरते. देखभालीचा दर बहुधा काही वर्षांसाठी बांधलेला असतो. तो दहा टक्क्यांनी चुकला तरी या उदाहरणात फरक साडेचौदा लाखांचा पडतो. विजेचा दर धोरणांनुसार बदलतो हे खरे, पण त्याची निदान चर्चा होते, त्यावर हरकती घेता येतात, विक्रीचा करार असेल तर तो बांधूनही घेता येतो. वटावाच्या दरावर सनदी लेखापाल आणि बँकेचा अधिकारी तासभर वाद घालतात. निर्मितीचा आकडा मात्र यंत्र विकणाऱ्याकडून येतो आणि बहुतेक वेळा विनाचौकशी स्वीकारला जातो. तो बरोबर की चूक, हे पैसे खर्च झाल्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी कळते आणि तोवर परतीची वाट उरलेली नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वारा एका वर्षी कमी, एका वर्षी जास्त. वीस वर्षांत ते भरून निघेल, असे अनुभवी लोकही म्हणतात. हे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या खरेपणातच गफलत लपलेली आहे. वर्षागणिक निर्मितीत सहा टक्क्यांचा चढउतार आहे आणि प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापासून स्वतंत्र आहे असे धरा. मग चांगली-वाईट वर्षे एकमेकांना बरेच खोडून काढतात. सुरुवातीच्या वर्षांचे वजन जास्त असते हे हिशेबात घेऊनही वीस वर्षांच्या एकूण मूल्यातला चढउतार दीड टक्क्याच्या आसपास उरतो. आपल्या उदाहरणात तो चौदा लाख रुपये होतो. ही जोखीम सोसता येते. पण मूळ सरासरीच दहा टक्क्यांनी जास्त धरली गेली असेल, तर ती चूक पहिल्या वर्षी असते, दहाव्या वर्षी असते आणि विसाव्या वर्षीही असते. तिला खोडणारे चांगले वर्ष कधी येत नाही, कारण चांगले वर्षही त्या खालच्या सरासरीभोवतीच चांगले असते. या चुकीची किंमत ९३ लाख आहे. चौदा आणि त्र्याण्णव यांतला फरक ध्यानात घेतला, तर ‘वाऱ्याचे काय सांगावे’ म्हणून खांदे उडवणे किती चुकीचे आहे ते कळते. ज्याबद्दल खरोखर काही सांगता येत नाही, तो भाग लहान आहे. मोठा भाग मोजता येण्यासारखा आहे आणि तोच मोजलेला नसतो.

वर्षागणिक चढउताराचे एक दुखणे मात्र खरे आहे, आणि ते कर्जाचे आहे. सात कोटींपैकी ४९० लाख दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचा समान हप्ता जवळपास ८० लाख येतो. २५ टक्के सीयूएफला देखभाल वजा जाता पहिल्या वर्षी हाती ९७.५ लाख राहतात, म्हणजे हप्त्याच्या सव्वापटीला थोडे कमी. २२ टक्क्यांना ८४ लाख राहतात. हप्ता कसाबसा भागतो. २० टक्क्यांना ७५.६ लाख राहतात आणि मालकाला खिशातून भर घालावी लागते. म्हणून पहिली दोन वर्षे वाईट गेली तर एरवी सशक्त असलेला प्रकल्पही अडचणीत येऊ शकतो. पण हा प्रश्न रोख पैशाचा आहे. हप्ते लांबवून किंवा एखाद्या हप्त्याइतकी गंगाजळी बाजूला ठेवून तो सुटतो. चुकलेल्या सरासरीवर असा उपाय नाही.

मग ही सरासरी चुकते कशी? त्याची कारणे वाऱ्याच्या लहरीत फारशी नाहीत. ती हिशेबाच्या पायऱ्यांत आहेत. पहिली पायरी उंचीची. वाऱ्याचा वेग मोजणारा मनोरा समजा पन्नास मीटरचा आहे आणि चक्कीचा आस ऐंशी मीटरवर. जमिनीपासून वर जावे तसा वारा वाढतो म्हणून पन्नासच्या मापावरून ऐंशीचा वेग काढतात, आणि त्यासाठी सपाट माळरानाला लागू पडणारे एक-सप्तमांश घाताचे ठरीव सूत्र वापरले जाते. पन्नास मीटरवर सेकंदाला सहा मीटर वेग असेल तर या सूत्राने ऐंशीवर ६.४ मिळतो. पण सह्याद्रीच्या कड्यावरून चढून आलेला वारा पठाराच्या काठाशी खालीच वेगवान झालेला असतो, आणि वर जाताना तो तितका वाढत नाही. अशा जागी घात ०.०५ इतका कमी असू शकतो. मग ऐंशीवरचा वेग ६.१४ निघतो. वेगातला फरक चार-साडेचार टक्क्यांचा, पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. यंत्राच्या मर्यादेमुळे तो परिणाम थोडा बोथट होतो, तरी या वेगांच्या टप्प्यात निर्मितीत सात-आठ टक्क्यांची तफावत पडते. आठ टक्के म्हणजे आपल्या हिशेबात ७५ लाख. एका घातांकाच्या निवडीने एनपीव्हीचे ८७ लाख १२ लाखांवर येतात आणि अहवाल वाचणाऱ्याला तो घातांक कुठे लिहिलेलाही दिसत नाही.

दुसरी पायरी हवेच्या घनतेची. यंत्राचा उत्पादक कोणत्या वेगाला किती वीज मिळेल याचा जो आलेख देतो, तो सामान्यतः समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेसाठी, म्हणजे घनमीटरला १.२२५ किलो घनतेसाठी असतो. अकराशे मीटर उंचीच्या पठारावर पंचवीस अंश तापमानाला ही घनता १.०४ च्या आसपास येते, म्हणजे पंधरा टक्क्यांनी कमी. वेगवान वाऱ्यात यंत्र पूर्ण क्षमतेला पोचलेले असते तेव्हा याने बिघडत नाही. पण मध्यम वाऱ्याच्या सगळ्या तासांत निर्मिती जवळपास त्याच प्रमाणात घटते. घनतेची दुरुस्ती केली आहे की नाही, हा प्रश्न कोणत्याही अहवालाला विचारावा. उत्तर देताना चाचपडावे लागले, तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद समजावेत.

तिसरी पायरी बंद तासांची. अहवालात यंत्राची उपलब्धता ९५ टक्के आणि वाहिनीची ९५ टक्के असे लिहून गुणाकार केलेला असतो. महाराष्ट्रात वाऱ्याच्या विजेचा मोठा भाग नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत येतो आणि पठारावरची वाहिनी तुटण्याचे, वीज पडण्याचे, दरड कोसळून रस्ता बंद झाल्याने तंत्रज्ञ न पोचण्याचे दिवसही त्याच महिन्यांत येतात. समजा वर्षाची १८ टक्के वीज एकट्या जुलैत मिळते. त्या महिन्यात गिअरबॉक्स बिघडून चक्की महिनाभर थांबली, तर तासांच्या हिशेबाने उपलब्धता साडेआठ टक्क्यांनी घसरते आणि निर्मिती १८ टक्क्यांनी. करारात उत्पादकाने तासांच्या उपलब्धतेची हमी दिलेली असते. मालकाला नुकसान युनिटांत सोसावे लागते. म्हणून हमी मागायची तर ती युनिटांत, किंवा निदान पावसाळ्याच्या महिन्यांसाठी वेगळी मागायला हवी.

आणि इतके सगळे बरोबर केल्यावरही वीस रकान्यांत एकच आकडा लिहिणे चूक आहे, कारण यंत्र म्हातारे होते. पात्यांची धार झिजते, बेअरिंगे घासतात, बिघाड वाढतात. इयान स्टॅफेल आणि रिचर्ड ग्रीन यांनी ब्रिटनमधल्या पवनप्रकल्पांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये दाखवले की तिथली निर्मिती वयानुसार वर्षाला सरासरी १.६ टक्क्यांनी घटत होती. आपल्याकडची यंत्रे, हवा आणि देखभाल वेगळी आहे. तोच दर इथे उचलून लावावा असे मी म्हणणार नाही. पण वर्षाला एक टक्क्याची घट धरली, तरी आपल्या प्रकल्पाची एनपीव्ही ८७ वरून २९ लाखांवर येते, १.६ टक्के धरली तर ती शून्याच्या किंचित खाली जाते. पहिल्या वर्षीची सरासरी अगदी अचूक असूनही! घट शून्य धरणे हेही एक गृहीतकच आहे, आणि उपलब्ध पर्यायांपैकी सर्वांत आशावादी.

या अनिश्चिततेतून सुटण्याचा एक सोपा मार्ग म्हणून सरकारी आकड्याचा आधार घेतला जातो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० च्या नियमांत वाऱ्याच्या ऊर्जा-घनतेनुसार चार क्षेत्रे ठरवून त्यांना २०, २३, २७ आणि ३० टक्के असे सीयूएफ दिले. २०१०-११ साठी त्यांचे दर अनुक्रमे ५.०७, ४.४१, ३.७५ आणि ३.३८ रुपये होते. या जोड्यांचा गुणाकार करून पाहा: चारही वेळा उत्तर १०१ च्या आसपास येते. याचा अर्थ स्पष्ट आहे. आयोगाने आधी एका मेगावॅटला किती उत्पन्न रास्त ते ठरवले आणि मग गृहीत सीयूएफने भागून दर काढला. हे दर काढण्यासाठीचे प्रमाण आहे. तुमच्या टेकडीवर किती वारा येईल याची ती भविष्यवाणी नाही. पहिल्या क्षेत्रातला दर घेऊन प्रत्यक्षात १८ टक्केच मिळाले, तर उत्पन्न दहा टक्क्यांनी कमी पडणार आणि ते कोणीही भरून देणार नाही. तरीही असे प्रमाण प्रकल्प अहवालात अंदाज म्हणून वापरले जाते, कारण त्यावर शासकीय शिक्का असतो.

या निष्काळजीपणाला करधोरणानेही दीर्घकाळ हातभार लावला. पवनचक्कीवर ८० टक्के प्रवेगक घसारा मिळत होता. तेहतीस टक्के कर भरणाऱ्या मालकाला सात कोटींच्या यंत्रावर पहिल्याच वर्षी १८५ लाखांचा कर टाळता, निदान पुढे ढकलता येत होता; मग चक्की २५ टक्के फिरते की २० टक्के, याची चिंता त्याला कमीच होती. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने युनिटमागे पन्नास पैशांचे निर्मिती-आधारित प्रोत्साहन आणले, तेव्हा यंत्र उभे करण्याऐवजी फिरवण्याला बक्षीस मिळाले. घसाऱ्याची सवलत २०१२ मध्ये काढली, २०१४ मध्ये परत दिली आणि एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आणली. सवलत जसजशी आटते, तसतशी एनपीव्ही निर्मितीवर अधिकाधिक टेकते. जुन्या काळच्या सवयीने केलेला अंदाज आज जास्त महाग पडतो, तो यामुळे.

मग सावधगिरी म्हणून सर्वांत खालचाच आकडा धरावा का? बँका तसे करतात. सरासरी २५ आणि तिच्यातली अनिश्चितता बारा टक्के मानली, तर दहापैकी नऊ शक्यतांत निर्मिती ज्याच्यावर राहील असा आकडा २१.२ येतो, आणि त्यावर आपली एनपीव्ही उणे ५६ लाख होते. हप्ता फिटेल का, या प्रश्नासाठी बँकेने हा आकडा वापरणे योग्यच आहे. मालकाने मात्र गुंतवणुकीचा निर्णय त्यावर घेऊ नये. एनपीव्ही सीयूएफनुसार सरळ रेषेत बदलते, म्हणून निःपक्षपाती सरासरीवर काढलेली एनपीव्ही हीच अपेक्षित एनपीव्ही असते. खालचा आकडा धरून वर वटावाचा दरही ‘जोखमीसाठी’ दोन टक्क्यांनी वाढवला, तर एकाच भीतीची किंमत दोनदा मोजली जाते आणि बरे प्रकल्पही नाकारले जातात. जोखीम दिसायची असेल तर ती शक्यतेच्या रूपात मांडावी: या उदाहरणात प्रकल्प तोट्यात जाण्याची शक्यता शंभरात बावीस आहे. मालकाला निर्णय घ्यायला हे वाक्य पुरेसे आहे. अट एकच, की मधला आकडा खरोखर मधला असावा. विक्रेत्याच्या आशेने वर सरकलेला नसावा.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. एका चक्कीच्या मालकाला वर्षभर मनोरा उभारून वारा मोजणे परवडेल का? हिशेब सांगतो की एकट्याला परवडणार नाही. वर दिलेल्या अनिश्चिततेत, सीयूएफ आधीच अगदी अचूक कळला आणि तोट्याच्या शक्यता टाळता आल्या, तर अपेक्षित फायदा चौदा लाखांचा होतो. कोणतेही मोजमाप इतके अचूक नसते, म्हणून त्याची किंमत चौदा लाखांपेक्षा कमीच. पण त्याच पठारावर पाच मालक पाच चक्क्या उभारत असतील, तर तेच मोजमाप पाचही जणांच्या उपयोगाचे असते आणि फायदा सत्तर लाखांच्या घरात जातो. सहकारी साखर कारखाने आणि सूतगिरण्या ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उभ्या राहिल्या, तिथे वारा मात्र प्रत्येकाने एकेकट्याने अंदाजे धरावा, याला काही कारण नाही. आणि मनोऱ्याहून स्वस्त पुरावा पठारावर आधीच उभा आहे. शेजारच्या जुन्या चक्क्यांचे दरमहा मीटर वाचन होते आणि ते आकडे वीज वितरण कंपनीच्या हिशेबात नोंदलेले असतात. यंत्राची क्षमता आणि उंची वेगळी असली तरी त्यांतून जागेचा पावसाळा, बंद दिवस आणि वयाची घट हे सगळे दिसते.

म्हणून सात कोटींच्या करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोनच कागद मागा. एकावर तुमच्या प्रकल्पाची एनपीव्ही ज्या सीयूएफला शून्य होते तो आकडा, वयाची घट धरून. दुसऱ्यावर त्याच पठारावरच्या चक्क्यांची मागच्या पाच वर्षांची महिनावार प्रत्यक्ष निर्मिती. दुसऱ्या कागदावरचे आकडे नव्या यंत्राच्या उंचीसाठी आणि पात्यांसाठी दुरुस्त करूनही पहिल्या आकड्याच्या खाली राहत असतील, तर सही करू नका. आणि विक्रेता दुसरा कागद द्यायला तयार नसेल, तरीही करू नका.